दोन सेकंदांचा तारपा

व्हिडिओ बनवून देणाऱ्या एखाद्या एआय साधनात ‘वारली शैलीतला नाच, अ‍ॅनिमेशन’ एवढंच टाइप केलं, तरी थोड्या वेळात हलणारं चित्र हजर होतं. तपकिरी भिंत असते, पांढरी माणसं असतात, फेरही धरलेला असतो. पहिल्या नजरेला कुणीही खूश व्हावं असं. मग तेच चित्र जरा सावकाश पाहायला घेतलं की एकेक गोष्ट खटकू लागते. डोक्याच्या गोलात डोळे उमटलेले असतात. फेराच्या पलीकडची माणसं लहान आणि अलीकडची मोठी झालेली असतात. कुणी सांगितलेलं नसताना कॅमेरा पुढे पुढे सरकतो. सुरुवातीला मोजलेले नर्तक आणि शेवटी मोजलेले नर्तक यांचा आकडा जुळत नाही. आणि चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं तेव्हा सगळा फेर एकदम झटका खाऊन मूळ जागी येतो.

यात यंत्राचा दोष आहे म्हणावं, तर मागणी करणाऱ्याचाही आहे. ही मॉडेल्स कोट्यवधी चित्रं आणि चित्रफिती त्यांच्या वर्णनांसकट पाहून तयार झालेली असतात. इंटरनेटवर ‘वारली’ हा शब्द ज्या चित्रांना चिकटलेला सापडतो त्यांत उशांचे अभ्रे, कॉफीचे मग, कुर्ते आणि हॉटेलांच्या भिंती यांची गर्दी असते. शब्द दिला की या सगळ्याची सरासरी परत मिळते. हालचालीचं ज्ञान तर बहुतांशी कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्या जगातून आलेलं. त्या जगाला खोली असते, सावल्या असतात. त्यामुळे सपाट चित्र हलवायला दिलं की मॉडेल आधी त्याचा सपाटपणाच घालवायला बघतं.

आणि वारली चित्रात सपाटपणा हाच मुद्दा आहे. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या भागातल्या घरांच्या कुडाच्या भिंती शेणामातीने सारवायच्या, त्यावर गेरूचा हात द्यायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, डिंकाने जरा चिकट करून घ्यायचं आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने चित्र काढायचं, ही जुनी पद्धत. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, आणि हातापायांच्या रेघा. दोन त्रिकोण जिथे भेटतात तो बिंदू म्हणजे कंबर. माणूस वाकतो, वळतो, तोल सावरतो तो सगळा या बिंदूवर. वरचा त्रिकोण किती कलला आहे यावरून तो पेरणी करतोय की नाचतोय हे कळतं. चेहऱ्याची गरजच पडत नाही.

त्यातही तारप्याच्या नाचाचं चित्र मोठं गमतीचं आहे. नर्तकांची साखळी वळत वळत आत जाते, तो आकार वरून, झाडावर चढून पाहावा तसा दिसतो. पण त्या साखळीतला प्रत्येक नर्तक मात्र बाजूने पाहिल्यासारखा काढलेला असतो. एकाच चित्रात दोन नजरा. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत अशी वळणं पुन्हा पुन्हा भेटतात. बायकांनी लग्नकार्यात भिंतीवर काढायची ही कला सत्तरच्या दशकात कागदावर आणि कापडावर आली, त्यात मशे यांचा वाटा सर्वांत मोठा. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. मॉडेलला ही दुहेरी नजर चूक वाटते आणि ते ती ‘दुरुस्त’ करतं. वळणाचं रिंगण होतं, रिंगण आडवं पडतं, पलीकडचे नर्तक लहान होतात. वारली चित्राचा प्राण तिथेच जातो.

म्हणून ज्यांना हे काम नीट करायचं आहे त्यांनी शैली शब्दांत सांगण्याचा नाद सोडावा. शैली चित्राने सांगायची आणि शब्दांनी फक्त हालचाल सांगायची. जवळपास सगळ्या साधनांत आता आधी एक स्थिर चित्र देऊन त्यातून व्हिडिओ बनवण्याची सोय असते. हे पहिलं चित्र वारली कलाकाराकडून काढून घेतलं, तर अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

मात्र चित्र काढायला सांगताना यंत्राची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. उदाहरण म्हणून अलिबाबा कंपनीचं ‘वान २.१’ हे मॉडेल घेऊ. ते २०२५च्या सुरुवातीला सर्वांसाठी खुलं झालं, त्यामुळे आतलं काम कसं चालतं हे लोकांना माहीत आहे. हे मॉडेल मूळ चित्रावर थेट काम करत नाही. आधी ते चित्र आवळून घेतं. उभे ८ आणि आडवे ८ पिक्सेल यांचा एक चौकोन म्हणजे त्याच्या लेखी एक ठिपका. आता १२८० पिक्सेल रुंद चित्रात तीस-चाळीस नर्तकांचा मोठा फेर काढला, तर एकेका पायाची रेघ दोन-तीन पिक्सेलची उरते. ती ठिपक्याच्या आतच हरवते. मग व्हिडिओत पाय मधेच तुटतात, शेजाऱ्याच्या पायाला चिकटतात, नाहीतर दोन नर्तकांचा मिळून एक होतो. नर्तकांची संख्या बदलते ती बहुधा इथेच. कागदावर जी दाटी सुंदर दिसते ती पडद्यावर चालत नाही. आठ-नऊ नर्तक आणि एक तारपा वाजवणारा एवढेच घ्यावेत. रेघ निदान सात-आठ पिक्सेल जाड असावी आणि दोन नर्तकांच्या पायांमध्ये स्पष्ट मोकळी जागा असावी.

आता लूपकडे वळू. लूप म्हणजे जिथे संपतं तिथूनच पुन्हा सुरू होणारी हालचाल. सांधा दिसला नाही की लूप साधला.

फिरणाऱ्या फेराचा लूप करायचा तर प्रत्येक नर्तकाने पूर्ण फेरी मारून आपल्या जागी यायला हवं, असं आपल्याला वाटतं. तसं काही नाही. बंद रिंगणात सारखे दिसणारे बारा नर्तक असतील, तर प्रत्येकाने फक्त पुढच्याच्या जागेपर्यंत, म्हणजे ३० अंश, सरकलं की चित्र पहिल्यासारखं होतं. १८३२च्या सुमारास बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी फिरत्या तबकडीवर हलती चित्रं दाखवणारं खेळणं बनवलं. तेही काहीसं असंच चालायचं. तबकडीच्या कडेने नाचणाऱ्या माणसाच्या थोड्याथोड्या वेगळ्या आकृती काढलेल्या असत, आणि तबकडी एका आकृतीच्या अंतराएवढी सरकली की पहिलीच्या जागी दुसरी येई.

तारप्याच्या फेराला मात्र ही युक्ती सरळ लावता येत नाही. त्याचं वळण बंद नसतं. त्याला एक पुढचं टोक असतं आणि एक शेपूट. प्रत्येक जण एक जागा पुढे सरकला की पुढच्याला जायला जागा नाही आणि शेपटाची जागा रिकामी. मॉडेलला हे दिलं की ते शेपटाशी हवेतून नवा नर्तक काढतं आणि पुढचा कुठेतरी विरघळवतं. त्यापेक्षा फेर जागच्या जागी ठेवावा आणि पावलं नाचवावीत हे बरं. गुडघे वाकतात, अंग कमरेतून कलतं, पुन्हा वर येतं. नाचाचा ताल त्यातही पुरता कळतो.

यासाठी बहुतेक जण एक सोपा मार्ग धरतात. अनेक साधनांत पहिली आणि शेवटची अशा दोन्ही फ्रेम देता येतात, तर दोन्हींना एकच चित्र द्यायचं. सांधा आपोआप जुळतो, पण निराळीच अडचण होते. सुरुवात आणि शेवट एकच असल्यावर मधे काही करण्याचं मॉडेलला कारण उरत नाही. नर्तक जागच्या जागी किंचित थरथरतात आणि पाच सेकंद संपतात. दुसरी पळवाट म्हणजे व्हिडिओ पुढे चालवून मग उलटा चालवणं. डोलण्यासारख्या हालचालीला ते खपून जातं. पण उखळात कांडणाऱ्या बाईचं चित्र असेल तर फसवणूक लगेच उघडी पडते. मुसळ वर जाताना सावकाश जातं आणि खाली वेगाने येतं. उलटं चालवल्यावर ते वेगाने उडतं आणि तरंगत खाली येतं. मुसळाचं वजनच नाहीसं होतं.

भरवशाचा मार्ग थोडा कष्टाचा आहे. अ‍ॅनिमेशनवाले पूर्वीपासून जे करत आले तेच करायचं: मुख्य मुद्रा हाताने ठरवायच्या. कलाकाराकडून एक नाही, दोन चित्रं घ्यायची. पहिल्यात सगळे नर्तक ताठ, पाय जुळलेले. दुसऱ्यात गुडघे वाकलेले, वरचे त्रिकोण पुढे कललेले. नर्तकांच्या जागा, हातांची साखळी, तारपा वाजवणारा, सगळं तंतोतंत तेच. मग पहिल्या चित्रातून दुसऱ्यात जाणारा एक तुकडा बनवायचा आणि दुसऱ्यातून पहिल्यात येणारा दुसरा. जाणं आणि येणं वेगवेगळं बनल्यामुळे उलट्या चालीचा दोषही राहत नाही.

हिशेब असा. वान २.१ सेकंदाला १६ फ्रेम देतं, आणि एकूण फ्रेमची संख्या चारच्या पाढ्यापेक्षा एकने जास्त असावी लागते: १३, १७, ३३ वगैरे, नेहमीची ८१. कारण पहिली फ्रेम ते स्वतंत्र धरतं आणि पुढच्या चार-चार एकत्र आवळतं. प्रत्येक तुकडा १७ फ्रेमचा घेऊ. पहिल्या तुकड्याची शेवटची फ्रेम आणि दुसऱ्याची पहिली फ्रेम एकच मुद्रा दाखवतात. दुसऱ्याची शेवटची आणि पहिल्याची पहिली, यांचंही तसंच. दोन्ही ठेवल्या तर तीच मुद्रा लागोपाठ दोनदा दिसते आणि नाच तिथे अडखळतो. डोळ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण पाऊल जड पडल्यासारखं वाटतं. म्हणून प्रत्येक तुकड्याची शेवटची फ्रेम काढून टाकायची. उरल्या १६ आणि १६, एकूण ३२, म्हणजे बरोबर दोन सेकंद. एका सेकंदात खाली, एका सेकंदात वर. सोबतच्या तारप्याची लय जलद असेल आणि पाऊण सेकंदात वाकायचं असेल तर १२ फ्रेम लागतील, तेव्हा १३चा तुकडा मागायचा. इतके छोटे तुकडे काही साधनं बनवूच देत नाहीत, ठरावीक पाच किंवा दहा सेकंदच देतात. तिथे लांब तुकडा घेऊन नंतर त्याचा वेग वाढवावा लागतो.

आता प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला द्यायची लेखी सूचना. चित्रं दिलेली असल्याने ती आखूड असावी. मराठीत लिहिली तरी काही साधनांना कळते, पण या मॉडेल्सचा अभ्यास मुख्यतः इंग्रजी आणि चिनी वर्णनांवर झालेला असल्याने बारीक सूचना इंग्रजीत जास्त पाळल्या जातात. पहिल्या तुकड्यासाठी काहीसं असं लिहिता येईल:

```
Flat white figures made of triangles and lines on a plain
brown background. All dancers bend their knees together and
lean forward from the waist, hands joined. Feet stay planted.
The musician stays still. Static camera, flat picture plane,
constant line thickness.
```

यात ‘वारली’ हा शब्द कुठेच नाही, हे मुद्दाम. तो घातला की अभ्रे आणि मग पुन्हा डोकावू लागतात: चित्राच्या कडेला नक्षीची किनार येते, कोपऱ्यात ताडाचं झाड उगवतं. काय हलायचं हे जसं सांगितलं आहे तसंच काय हलायचं नाही हेही, पण तेसुद्धा होकारार्थी वाक्यांत. ‘चेहरे नकोत’ असं लिहिणं धोक्याचं. मॉडेल ‘चेहरे’ पकडतं आणि ‘नकोत’ सोडून देतं. नको असलेल्या गोष्टींसाठी ज्या साधनांत वेगळा रकाना असतो तिथे त्या नुसत्या नावाने लिहाव्यात:

```
face, eyes, fingers, shadow, 3D, perspective, zoom, gradient
```

दुसऱ्या तुकड्यासाठी वाक्य एवढंच बदलतं की गुडघे सरळ होतात आणि अंग वर येतं. बाकी शब्दाला शब्द तोच ठेवावा. मधेच विशेषण बदललं तरी रेघेची जाडी किंवा रंगाची छटा बदलू शकते.

पहिल्याच फटक्यात मनासारखं मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. प्रत्येक वेळी मॉडेल वेगळ्या यादृच्छिक आकड्यापासून सुरुवात करतं. त्याला सीड म्हणतात. चांगला निकाल देणारा सीड लिहून ठेवावा. निकाल तपासताना व्हिडिओ चालवून पाहणं पुरत नाही, एकेक फ्रेम पुढे ढकलत पाहावं लागतं. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये डोकी मोजावीत. मग फक्त कमरेच्या बिंदूंवर नजर ठेवावी. तिथे दोन त्रिकोण फुगून एकमेकांत मिसळले आणि डमरूचा घागरा झाला तर तो तुकडा टाकून द्यावा. हातांची साखळी सुटते ती बहुधा मधल्या फ्रेममध्ये, सर्वांत वेगाच्या क्षणी. शेवटी जोडलेला लूप निदान वीसेक वेळा सलग पाहावा. एकदा पाहताना न दिसलेला झटका दहाव्या वेळी डोळ्याला टोचतो.

तुकडे जोडणं आणि जास्तीची फ्रेम काढणं हे काम ‘एफएफएमपेग’ या मोफत प्रोग्रॅमने एका ओळीत होतं:

```
ffmpeg -i a.mp4 -i b.mp4 -filter_complex "[0:v]trim=end_frame=16[x];[1:v]trim=end_frame=16[y];[x][y]concat=n=2:v=1:a=0,fps=8" loop.mp4
```

शेवटचं `fps=8` हे सौंदर्यासाठी आहे. सेकंदाला १६ फ्रेमने नर्तक तेल लावल्यासारखे गुळगुळीत हलतात आणि संगणकाने केलंय हे ओरडून सांगतात. एकाआड एक फ्रेम गाळून ८ केल्या की हाताने काढलेल्या चित्रांची किंचित खडबडीत चाल येते. मुद्राही ठसठशीत दिसतात. काढून बघावं आणि नसेल आवडलं तर तेवढा भाग, आधीच्या स्वल्पविरामासकट, गाळावा.

तरीही एक गोष्ट खटकते. सगळे नर्तक एकाच क्षणी वाकतात आणि उठतात, त्यामुळे नाचाऐवजी शाळेच्या मैदानावरची कवायत पाहतोय असं वाटतं. खरा फेर तसा नसतो. साखळीत हालचाल एकाकडून दुसऱ्याकडे जाते. यावर उपाय प्रॉम्प्टमध्ये नाही, चित्रातच आहे. दुसऱ्या चित्रात सगळ्यांना सारखं वाकवायचं नाही. पुढच्या टोकाचे नर्तक पूर्ण वाकलेले, मधले अर्धे, शेपटाकडचे नुकते वाकू लागलेले असे काढायचे. मुद्रा दोनच राहतात, पण हालचाल साखळीतून सरकल्यासारखी भासते. त्यासाठी प्रॉम्प्टमधला ‘together’ मात्र काढायला हवा.

भिंतीचं काय? इथे एक उलटी गंमत आहे. सारवलेल्या भिंतीचा पोत चित्रात असला की ती हलत्या चित्रात उकळू लागते, कारण मॉडेल तो पोत प्रत्येक क्षणी नव्याने रचतं. रेघा थोड्या थरथरल्या तर हाताच्या वाटतात, भिंत थरथरली तर डोकं दुखतं. म्हणूनच प्रॉम्प्टमध्ये ‘plain brown background’ आहे आणि कलाकाराकडूनही सपाट गडद रंगावर चित्र घ्यायचं आहे. व्हिडिओ तयार झाल्यावर संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गडद भाग काढून फक्त पांढऱ्या रेघा उचलायच्या आणि खऱ्या भिंतीच्या स्थिर छायाचित्रावर ठेवायच्या. पांढरं आणि गडद यांत एवढा फरक असतो की ही छाटणी सोपी जाते. दोन तुकड्यांच्या रंगात जो बारीकसा फरक पडतो तोही पार्श्वभूमीबरोबर निघून जातो.

एवढी यातायात पाहिल्यावर कुणी विचारेल, मग एआय कशाला? प्रश्न रास्त आहे. दोन त्रिकोण आणि चार रेघा यांच्या आकृतीला सांधे देऊन साध्या अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये हलवणं जाणकाराला अवघड नाही, आणि तिथे नर्तक कधी कमी-जास्त होत नाहीत. नऊ नर्तकांचा, नेमक्या तालाचा लूपच हवा असेल तर तो रस्ता सरस ठरतो. मुद्रांच्या मधलं चित्र मोकळं आणि अनपेक्षित हवं असेल, धूर, पाणी, पक्ष्यांचा थवा, वाऱ्याने हलणारं भात असं काही हवं असेल, तिथे मॉडेल कामाला येतं. लोककलेतून अ‍ॅनिमेशन करण्याची तिसरी वाटही आपल्याकडे मळलेली आहे. मुंबईच्या आयआयटीत शिकवलेल्या नीना सबनानी यांनी कच्छच्या कारागीर स्त्रियांच्या कापडकामातून ‘टांको बोले छे’ आणि भिल्ल चित्रकार शेरसिंग यांच्याबरोबर ‘हम चित्र बनाते हैं’ हे लघुपट केले. तिथे कारागीर नमुना पुरवणारे नव्हते, चित्रपटाचे भागीदार होते.

काय हलवू नये हेही ठरवून घ्यावं. लग्नात सवाष्णी काढतात तो चौक आणि त्यातली पालघट देवी हा विधीचा भाग आहे. धवलेरी गाणी म्हणते, देवीला बोलावणं होतं, तेव्हा त्या चित्राला अर्थ येतो. जाहिरातीच्या पट्टीत देवी डोलवण्याचं काही कारण नाही. नाच, शेती, मासेमारी, ताडी काढणं असे विषय भरपूर आहेत.

वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे. ते नावाला संरक्षण देतं, त्रिकोणांच्या आकृत्यांना नाही. त्यामुळे यंत्राने काढलेल्या आकृत्यांवर ‘वारली चित्र’ असा शिक्का मारून माल विकणं हा भाग वेगळा आणि कलाकाराने काढलेली चित्रं हलवून त्याच्या नावाने दाखवणं वेगळं. दुसरं करायचं तर चित्रं घेतानाच लिहून घ्यावं: दोन चित्रांचं मानधन किती, लूप कुठे आणि किती काळ वापरणार, पडद्यावर नाव कसं येणार. आणखी एक कलम आजकाल लागतं. काही ऑनलाइन साधनांच्या अटींत, वर चढवलेली चित्रं पुढच्या मॉडेलच्या शिक्षणासाठी वापरण्याची मुभा कंपनी घेते. ती बंद करण्याचा पर्याय असेल तर तो चित्र चढवण्याआधी शोधायचा. नसेल, तर कलाकाराला तसं स्पष्ट सांगून त्याची परवानगी घ्यायची, किंवा खुलं मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवायचं. वान २.१च्या सर्वांत छोट्या आवृत्तीला ८ जीबीच्या किंचित वर ग्राफिक्स मेमरी पुरते. पण पहिली आणि शेवटची फ्रेम घेणारी तिची अधिकृत आवृत्ती बरीच मोठी आहे, तिला त्याहून खूपच ताकदवान यंत्र लागतं.